पाठाच्या पीडीएफपासून सराव प्रश्न आणि उत्तरसूची: ‘बल व दाब’ या प्रकरणावर केलेले काम

नाशिकच्या एका शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवतो. प्रकरण संपले की त्यावरचे वीस-पंचवीस सराव प्रश्न आणि त्यांची उत्तरसूची मी स्वतः तयार करतो. या लेखात ‘बल व दाब’ हे एकच प्रकरण घेऊन हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कसे करावे ते लिहितो आहे. प्रश्न काढणे हा यातला तुलनेने सोपा भाग असतो. वेळ जातो तो उत्तरसूचीवर, आणि चुका राहतात त्याही तिथेच. म्हणून लेखाचा मोठा भाग उत्तरसूचीविषयी आहे.

मजकूर हाती घेणे

बालभारतीची पाठ्यपुस्तके ebalbharati.in या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मिळतात. संपूर्ण पुस्तक घेऊन काम करण्यापेक्षा आपल्या प्रकरणाची पानेच वेगळी काढावीत. पीडीएफ उघडून Print मध्ये पानांचे क्रमांक द्यावेत आणि Save as PDF निवडावे, म्हणजे प्रकरणाची लहान फाइल तयार होते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि अनुक्रमणिका यांची पाने आधी असल्यामुळे पडद्यावर दिसणारा पानांचा क्रमांक आणि छापील क्रमांक जुळत नाहीत. उत्तरसूचीत नेहमी छापील क्रमांक लिहावा, कारण मुलांच्या हातात पुस्तक असते.

आता पीडीएफमधला एखादा परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवून पाहावा. मराठी मजकूर जसाच्या तसा आला तर उत्तम. पुष्कळदा मात्र रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ समोर येते. याचे कारण असे की पुस्तकाची जुळणी युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये झालेली असते. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो आणि फॉन्ट बाजूला होताच मूळ रोमन अक्षर उघडे पडते. फाइल बिघडलेली नसते, त्यामुळे ती पुन्हा उतरवून घेऊन काही उपयोग होत नाही.

अशा वेळी प्रकरणाची फाइल गूगल ड्राइव्हवर अपलोड करावी, फाइलवर उजवे बटण दाबून Open with मधून Google Docs निवडावे आणि पानावरचा मजकूर ओळखून घ्यावा. तरीही तीच सरमिसळ आली तर गूगलने पानाच्या चित्राकडे न पाहता आतला जुना मजकूरच उचलला आहे असे समजावे. मग प्रत्येक पानाचे जेपीजी चित्र करून ते अपलोड करावे. चित्र सरळ असावे, अक्षरे स्पष्ट असावीत आणि फाइल शक्यतो दोन एमबीच्या आत असावी.

ओळखलेला मजकूर वाचनीय दिसला तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. ‘ब’ आणि ‘व’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल होते आणि ‘दाब’चा ‘दाव’ होतो. ही चूक वाचताना निदान डोळ्यांना खटकते. अंकांची चूक खटकत नाही, आणि म्हणून ती अधिक घातक असते. पुस्तकात पाण्याची घनता 10³ kg/m³ अशी छापलेली असते आणि ओळखलेल्या मजकुरात तिचे 103 kg/m3 होते, कारण वर चढवलेला छोटा अंक खाली उतरतो. एका वर्षी मी या मजकुरावरून घाईने सूची केली आणि त्यात पाण्याची घनता १०३ राहून गेली. वर्गातल्या एका मुलीने हात वर करून विचारले, “सर, पुस्तकात तर पाण्याची घनता एक हजार आहे, मग इथं एकशे तीन कसं?” त्या दिवसापासून माझा नियम ठरला आहे: घातांक, एकके आणि दशांश चिन्ह असलेली प्रत्येक ओळ छापील पुस्तकाशी बोट ठेवून ताडून पाहायची. या प्रकरणात अशा ओळी फार नाहीत, अर्ध्या तासात हे काम होते. आकृत्या, त्यांतील नावे आणि तक्ते ओळखलेल्या मजकुरात विस्कटतात किंवा मधल्या परिच्छेदात घुसतात. ते तिथून दुरुस्त करत बसू नये, सरळ पुस्तकावरून घ्यावेत.

प्रश्नांच्या आधी मुद्द्यांची यादी

मजकूर स्वच्छ झाल्यावर थेट प्रश्न लिहायला बसले की प्रश्न प्रकरणाच्या पहिल्या दोन-तीन पानांवर गोळा होतात आणि प्लावक बल, घनता हे शेवटचे भाग उपाशी राहतात. म्हणून आधी मुद्द्यांची यादी करावी. मुद्दा म्हणजे मुलाला आलेच पाहिजे असे एक पूर्ण विधान. ‘दाब’ हा मुद्दा होत नाही, ते शीर्षक आहे. ‘बल तेच राहून क्षेत्रफळ कमी झाले तर दाब वाढतो’ हा मुद्दा आहे. प्रत्येक मुद्द्यासमोर छापील पान क्रमांक लिहावा.

दाबाच्या व्याख्येचाच परिच्छेद घेऊ. एकक क्षेत्रफळावर, पृष्ठभागाला लंब दिशेने लावलेले बल म्हणजे दाब, एवढ्या एका वाक्यात तीन गोष्टी आहेत: बल, एकक क्षेत्रफळ आणि लंब दिशा. ‘दाबाची व्याख्या लिहा’ असा प्रश्न विचारला आणि सूचीत व्याख्या उतरवून ठेवली तर लंब दिशा गाळणाऱ्या मुलाचे काय करायचे हे तपासताना ठरवावे लागते, आणि दहाव्या वहीला एक न्याय, तिसाव्या वहीला दुसरा असे होते. यादी करतानाच या तिन्ही गोष्टी सुट्या लिहिल्या की प्रश्न कोणत्या गोष्टीवर आहे आणि गुण कशाला आहे हे आपोआप स्पष्ट होते.

यादी तयार झाल्यावर प्रत्येक मुद्द्यापुढे ज्ञान, आकलन की उपयोजन अशी खूण करावी. घटक चाचणीच्या संविधान तक्त्याची आपल्याला सवय असतेच, त्यामुळे यावर अधिक लिहीत नाही. सराव संचात उपयोजनाचे प्रश्न चाचणीपेक्षा थोडे जास्त असावेत असे मात्र माझे मत आहे, कारण व्याख्या मुले घरी पाठ करू शकतात, पण उदाहरणात अडखळल्यावर सांगायला घरी बहुतेकांजवळ कोणी नसते.

एक बहुपर्यायी प्रश्न, पहिल्यापासून

नाशिकच्या मुलांना द्राक्षांचे क्रेट ओळखीचे असतात, म्हणून दाबाच्या उदाहरणासाठी मी क्रेट घेतो. प्रश्नाचा पहिला मसुदा असा होता: ‘द्राक्षांनी भरलेल्या क्रेटचे वजन २० किलो आहे. त्याचा तळ ५० सेंमी लांब व ४० सेंमी रुंद आहे. जमिनीवर किती दाब पडेल?’

हा प्रश्न सदोष आहे. बाजारात आपण ज्याला वजन म्हणतो ते विज्ञानाच्या पुस्तकात वस्तुमान असते आणि वजन हे बल असल्यामुळे ते न्यूटनमध्ये मोजतात. प्रश्नात किलो लिहिले की काही मुले २० हेच बल धरतील, काही ९.८ ने गुणून १९६ न्यूटन काढतील आणि काही १० ने गुणून २०० न्यूटन घेतील. शेवटच्या दोन्ही पद्धती योग्य आहेत, पण उत्तरे वेगळी येतात आणि सूचीत एकच लिहिलेले असते. आपल्याला येथे दाब तपासायचा आहे, गुरुत्व त्वरण नव्हे. तेव्हा बल न्यूटनमध्येच द्यावे. शिवाय उत्तर कोणत्या एककात हवे तेही प्रश्नातच लिहावे. सुधारलेला प्रश्न असा:

‘द्राक्षांनी भरलेल्या एका क्रेटचे वजन २०० न्यूटन आहे. त्याचा सपाट तळ ५० सेंमी लांब व ४० सेंमी रुंद असून तो जमिनीला पूर्ण टेकलेला आहे. क्रेटचा जमिनीवर पडणारा दाब किती पास्कल असेल? (अ) ०.१ (ब) १० (क) ४० (ड) १०००’

तळाचे क्षेत्रफळ ०.५ × ०.४ = ०.२ चौरस मीटर. दाब = २०० ÷ ०.२ = १००० पास्कल. उत्तर (ड).

यातला एकही चुकीचा पर्याय सहज सुचला म्हणून टाकलेला नाही. ज्या मुलाने सेंटिमीटरचे मीटर केलेच नाहीत, त्याचे क्षेत्रफळ २००० येते आणि २०० ÷ २००० करून तो ०.१ वर पोचतो. ज्याने चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०,००० ऐवजी १०० ने भागले, त्याला क्षेत्रफळ २० मिळते आणि उत्तर १० येते. ज्याने भागण्याऐवजी गुणले, त्याचे उत्तर ४०. त्यामुळे मुलाने कोणता पर्याय निवडला यावरून त्याला नेमके काय समजावायचे ते कळते. चुकीचे पर्याय जर ९००, ११००, १२०० असे असते, तर उत्तर चुकले एवढेच समजले असते.

पर्यायांमध्ये ०.१ आहे म्हणून प्रश्नात ‘पास्कल’ हा शब्द असणे अत्यावश्यक आहे. ०.१ न्यूटन प्रति चौरस सेंटिमीटर हा १००० पास्कलइतकाच दाब आहे. प्रश्नात एकक नसते, तर (अ) निवडणाऱ्या मुलाला चूक ठरवण्याचा अधिकार आपल्याला राहिला नसता. असा दुसरा बरोबर पर्याय लपलेला नाही ना, हे प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नात गणित करून पाहावे.

परिचयाचे उदाहरण आणि त्यातला धोका

परिसरातली उदाहरणे घेतली की मुले प्रश्नात रमतात, परंतु अशा प्रश्नाचे उत्तर पाठाच्या आधारे खरोखर देता येते का हे तपासावे लागते. द्रवाचा दाब खोलीनुसार वाढतो, या मुद्द्यावर मी ‘गंगापूर धरणाची भिंत तळाशी रुंद का असते?’ असा प्रश्न लिहिला होता आणि ‘तळाशी पाण्याचा दाब जास्त असतो म्हणून’ असे उत्तर सूचीत ठेवले होते. नंतर तो मी काढून टाकला. गंगापूर धरण मातीचे आहे. मातीच्या धरणाचा तळ रुंद ठेवावा लागतो याला मातीचा उतार स्थिर राहणे आणि झिरपणाऱ्या पाण्याचा मार्ग लांब होणे ही मोठी कारणे असतात, आणि ती या प्रकरणात कोठेच नाहीत. म्हणजे माझी सूची अर्धवट होती आणि पाटबंधारे खात्यात काम करणाऱ्या एखाद्या पालकाने मुलाला दिलेले अधिक अचूक उत्तर मी चूक ठरवले असते.

त्या जागी आता हा प्रश्न आहे: ‘गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला एक छिद्र तळाजवळ व दुसरे अर्ध्या उंचीवर पडले. टाकी पूर्ण भरलेली असताना कोणत्या छिद्रातून पाणी अधिक वेगाने बाहेर पडेल? कारण लिहा.’ उत्तर तळाजवळच्या छिद्रातून, आणि कारण पाठातलेच. वेगाऐवजी ‘पाणी किती दूर पडेल’ असे मात्र विचारू नये, कारण पाणी किती दूर जाते हे छिद्र जमिनीपासून किती उंच आहे यावरही अवलंबून असते.

उत्तरसूची: केवळ उत्तर पुरत नाही

बहुपर्यायी प्रश्नाच्या सूचीत मी चार गोष्टी लिहितो: योग्य पर्याय, तो येण्याची एका ओळीची रीत, छापील पान क्रमांक आणि प्रत्येक चुकीचा पर्याय कोणत्या चुकीतून येतो याची नोंद. शेवटची नोंद सर्वांत उपयोगी पडते, कारण आपल्या रजेच्या दिवशी तास घेणाऱ्या शिक्षकांनाही तिच्यावरून मुलांशी बोलता येते.

वर्णनात्मक प्रश्नाला गुणदान योजना लागते. क्रेटचेच पुढचे उदाहरण पाहा: ‘तोच क्रेट त्याच्या ४० सेंमी × २५ सेंमी मापाच्या बाजूवर उभा केला. आता जमिनीवर पडणारा दाब काढा आणि तो का बदलला ते लिहा. (३ गुण)’

क्षेत्रफळ ०.४ × ०.२५ = ०.१ चौरस मीटर, यास १ गुण. दाब २०० ÷ ०.१ = २००० पास्कल, एककासह १ गुण. बल तेच राहिले आणि क्षेत्रफळ निम्मे झाले म्हणून दाब दुप्पट झाला, यास १ गुण. केवळ ‘क्षेत्रफळ कमी झाले’ एवढेच लिहिल्यास अर्धा गुण.

याखाली आणखी दोन ओळी हव्यात. पहिली, चुकीचे ओझे पुढे न वाहण्याची: मुलाने क्षेत्रफळ चुकून १० चौरस मीटर काढले आणि पुढे २०० ÷ १० = २० पास्कल असे रीतसर लिहिले, तर त्याचा पहिला गुण जाईल, पण दुसरा मिळेल. एकाच चुकीसाठी दोनदा गुण कापले तर ज्याला सूत्र येते आणि ज्याला येत नाही ते दोघे सारखेच ठरतात. दुसरी ओळ मान्य पर्यायी उत्तरांची: ‘२००० न्यूटन प्रति चौरस मीटर’ मान्य, एकक नसल्यास दुसऱ्या गुणातला अर्धा वजा.

‘कारणे द्या’ या प्रकारात सूची सर्वांत सैल राहते. ‘सीबीएसवरून एसटी अचानक सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात. कारण द्या.’ याचे उत्तर निम्मी मुले ‘जडत्वामुळे’ अशा एका शब्दात देतात. तो शब्द बरोबर आहे, पण ते स्पष्टीकरण नव्हे. म्हणून सूचीत उत्तराचे घटक सुटे लिहावेत: पाय गाडीबरोबर पुढे जातात, शरीराचा वरचा भाग विराम अवस्थेतच राहू पाहतो, हे विराम अवस्थेचे जडत्व आहे. तीन घटकांपैकी दोन असतील तर किती गुण, हे तिथेच ठरवून ठेवावे. ‘गतीचे जडत्व’ असे लिहिल्यास तिसरा घटक अमान्य, हेही स्पष्ट लिहावे, कारण ब्रेक लागल्यावर पुढे झुकण्याचे कारण आणि हे कारण यांत मुलांची हमखास गल्लत होते.

देण्यापूर्वीची तपासणी

संच पूर्ण झाल्यावर तो दोन दिवस बाजूला ठेवावा आणि मग सूची न पाहता स्वतः वहीत सोडवावा. हा कंटाळा टाळता येत नाही. सूची लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर उत्तर असते. सोडवताना मात्र प्रश्नात न दिलेली माहिती लगेच अडते. सापेक्ष घनतेवर माझा प्रश्न होता: ‘एका दगडाचे वजन हवेत १० न्यूटन आणि द्रवात पूर्ण बुडवल्यावर ६ न्यूटन भरते, तर त्याची सापेक्ष घनता काढा.’ प्लावक बल ४ न्यूटन, म्हणून १० ÷ ४ = २.५ असे सूचीत होते. सोडवताना लक्षात आले की हे उत्तर तो द्रव पाणी असेल तरच येते, आणि मी ‘द्रवात’ असे लिहून ठेवले होते.

दुसरी तपासणी विज्ञान न शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून करून घ्यावी. आमच्या मराठीच्या बाईंना मी फक्त बहुपर्यायी प्रश्न देतो. पाठ न वाचता त्यांची उत्तरे फार मोठ्या प्रमाणात बरोबर आली तर प्रश्नच उत्तर फोडत आहेत असे समजावे. बहुधा योग्य पर्याय इतरांपेक्षा लांबलचक असतो, किंवा प्रश्नातला शब्द त्याच्यातच पुन्हा आलेला असतो.

गूगल फॉर्मवर संच द्यायचा असेल तर Settings मध्ये Make this a quiz सुरू करून प्रत्येक प्रश्नाच्या Answer key मध्ये उत्तर भरावे. पर्यायांचा क्रम बदलणारी सोय वापरली तर ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय वरही येऊ शकतो, तेव्हा असे पर्याय ठेवू नयेत. अ-ब-क-ड ही अक्षरेही पर्यायांच्या मजकुरात टंकित करू नयेत. लघुत्तराच्या प्रश्नात फॉर्म अक्षरे जुळवून पाहतो, अर्थ पाहत नाही. १०००, 1000, 1000 Pa आणि ‘१००० पास्कल’ ही त्याच्या दृष्टीने चार निराळी उत्तरे आहेत. ही सर्व रूपे सूचीत भरावीत, किंवा ‘फक्त अंक लिहा’ अशी सूचना द्यावी आणि देवनागरी व इंग्रजी अंकांतली दोन्ही उत्तरे नोंदवावीत. ‘कारणे द्या’ हा प्रकार फॉर्मच्या आपोआप तपासणीवर कधीही सोपवू नये.

वर्गात दिल्यानंतर

संच सोडवून झाला की प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नापुढे अ, ब, क, ड किती जणांनी निवडले ते मांडावे. क्रेटच्या प्रश्नात माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांनी (ब) निवडला होता, म्हणजे दाब त्यांना समजला होता आणि चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करणे अडत होते. पुढचा तास मी दाबावर न घेता फळ्यावर एक मीटर बाजूचा चौरस आखण्यात घालवला आणि त्याच्या दोन बाजूंवर शंभर-शंभर खुणा मुलांकडून करून घेतल्या. एखाद्या प्रश्नात मात्र वर्गातली नेहमी नीट सोडवणारी मुलेच एखाद्या चुकीच्या पर्यायावर एकवटलेली दिसली, तर आधी सूची तपासावी.

वह्या तपासताना सूचीबाहेरचे बरोबर उत्तर आढळले की ते त्याच दिवशी सूचीत लिहून खाली तारीख टाकावी. यंदा एका मुलाने फळ्याशी येऊन क्रेटच्या दाबाचे उत्तर ‘१ किलोपास्कल’ असे लिहिले. ते बरोबर होते आणि सूचीत नव्हते. आता पहिल्या उदाहरणाच्या रीतीखाली १ किलोपास्कल आणि दुसऱ्याच्या मान्य उत्तरांत २ किलोपास्कल अशी नोंद आहे.